चार्टवर २१४, मीटरमध्ये काहीच नाही: सहकारी नर्सच्या धोकादायक कामाची तक्रार कशी करावी

स्टाफ नर्सेसच्या केस डिस्कशनसाठी मी बहुतेक वेळा एकच प्रकरण निवडते. ते पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डमधलं आहे. ओळख पटू नये म्हणून बेड नंबर, वेळा आणि थोडे तपशील बदललेत. त्यात कोणी दारू पिऊन ड्यूटीवर आलेलं नाही, कोणी पेशंटला मारलेलं नाही. अशा ठिकाणी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. अवघड जातं ते तिथे, जिथे समोरची सिस्टर चांगली आहे, कामाला वाघ आहे, तिनेच आपल्याला आयव्ही लावायला शिकवलंय, आणि तरीही चार्टवर तिने जे लिहिलंय ते झालेलंच नाही.

प्रकरण असं. चोवीस बेडचा फीमेल वॉर्ड, रात्री दोन नर्सेस. बेड ११ वर बासष्ट वर्षांच्या आजी, जुना डायबेटिस, पायाला सेल्युलायटिस, क्रिएटिनिन वाढलेलं. रात्री ग्लार्जिन, शिवाय शुगर बघून स्लायडिंग स्केलप्रमाणे रेग्युलर इन्सुलिन. सकाळची ज्युनिअर सिस्टर पावणेआठला ओव्हर घ्यायला आली. रात्रीच्या सीनियरने सांगितलं, "अकरा नंबर, सहाची शुगर २१४, सहा युनिट दिलंय, बाकी स्टेबल." ओव्हर घेऊन ज्युनिअर बेडपाशी गेली तर आजींना दरदरून घाम फुटलेला, हात थरथरतायत, "मला कसंतरी होतंय गं" म्हणतायत. तिने ७.५२ ला शुगर केली. ५४ आली.

तिने मीटरचं मेमरीचं बटण दाबलं. तिच्या ५४ च्या आधीचं रीडिंग होतं आदल्या रात्री १०.१० चं. मध्ये काहीच नाही. त्या रात्री वॉर्डात स्लायडिंग स्केलवर तीन पेशंट होत्या आणि तिघींच्या चार्टवर रात्री दोनची आणि सकाळी सहाची शुगर व्यवस्थित लिहिलेली होती.

आधी आजी

मीटरची मेमरी बघण्याआधी काय करायचं हे नीट ठरलेलं असलं पाहिजे, कारण संशय आला की माणूस कागदांकडे धावतो आणि पेशंट मागे राहतो. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर, गिळू शकते आहे, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच, आणि वर आली की लगेच नाश्ता. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीच द्यायचं नाही. आरएमओंना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोज, २५ टक्क्यांचं असेल तर १०० मिली.

इथे एक गोष्ट विसरली जाते. रेग्युलर इन्सुलिनचा जोर दिल्यानंतर दोन ते चार तासांनी सर्वात जास्त असतो आणि किडनी मंदावलेली असेल तर ते शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. सव्वासहाला दिलेल्या इन्सुलिनचा भर अजून पुढेच आहे. त्यामुळे साखरपाणी दिल्यावर शुगर ९० झाली म्हणून निर्धास्त होता येत नाही, दुपारपर्यंत दर तासाला बघावी लागते. आणि उरलेल्या दोन पेशंट? त्यांचीही शुगर त्याच मिनिटाला करायची. एका चार्टवर भरवसा उरला नसेल तर त्याच हाताने लिहिलेल्या बाकीच्या चार्टवरही तो ठेवता येत नाही. ज्युनिअरने ते केलं. एक १४८, दुसरी ११०, दोघींना धोका नव्हता. आरएमओंना तिने एवढंच सांगितलं: "अकरा नंबरची शुगर ५४ आहे, सहाच्या नोंदीवर सहा युनिट रेग्युलर गेलंय, पण सहाचं रीडिंग मला मीटरमध्ये सापडत नाहीये." हे वाक्य आरएमओंना सांगणं ही तक्रार नव्हे. पुढचं इन्सुलिन ठरवायला त्यांना ते लागतंच.

संशय आणि खात्री यांच्यामधली पंधरा मिनिटं

शुगर कमी आली एवढ्यावरून खोटी नोंद सिद्ध होत नाही. शुगर खरंच २१४ असेल आणि इन्सुलिन जास्त गेलं असेल, असंही होतं. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिन मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर सहाच्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात पंधरा युनिट होतं. तीही गंभीर चूक आहे, पण ती नकळत झालेली चूक आहे, खोटी नोंद नाही. म्हणून ट्रेमधली व्हायल आणि सिरिंज बघायची.

मग मीटर. वॉर्डात दुसरं मीटर आहे का? शेजारच्या वॉर्डातून कोणी आणलं होतं का? पुण्यातल्या हॉस्पिटलांत हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे नातेवाइकांनी घरून आणलेलं स्वतःचं मीटर. रात्री सिस्टर त्यावरच शुगर करून मोकळी होते. मीटरचं घड्याळ चुकीचं आहे का? बॅटरी बदलली की काही मीटरचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. हे तपासायला वेगळं काही लागत नाही. आपण आत्ता केलेलं रीडिंग मेमरीत किती वाजता दिसतंय ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. ज्युनिअरचं ५४ हे ७.५२ लाच दिसत होतं, म्हणजे घड्याळ बरोबर. आजींच्या मुलीला सहज विचारलं, "घरचं मीटर आणलंय का?" नव्हतं आणलं. डब्यात पाहिलं तर स्ट्रिपची रिकामी बाटली.

सर्वात पक्का पुरावा मात्र साडेनऊला लॅबमधून आला. आजींचा सकाळचा फास्टिंग सँपल पावणेसहाला घेतला होता. रिपोर्ट ९२. चार्टवर सहा वाजता २१४. ग्लुकोमीटर आणि लॅब यांच्यात फरक पडतो, पण मान्य फरक साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा. सँपल लॅबला उशिरा पोहोचला तर रक्तातली साखर तासाला काही टक्क्यांनी उतरते, अर्ध्याहून जास्त नाही. २१४ आणि ९२ यांना जोडणारं कोणतंच साधं कारण उरलं नाही.

यातली एकही पायरी हेरगिरीची नाही. सगळं आपल्याच वॉर्डातलं, आपल्याच पेशंटच्या कामासाठी बघायचं आहे. त्यापलीकडे जायचं नाही: सीनियरची बॅग, तिचा मोबाइल, गेल्या महिन्यातले तिचे सगळे चार्ट. जुने चार्ट तपासायचे की नाही हे चौकशी करणारे ठरवतील. आणि चार्टचा फोटो आपल्या मोबाइलवर काढायचा नाही, वॉर्डच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. पेशंटची माहिती बाहेर गेली की चौकशी सीनियरची राहत नाही, तुमची होते. मीटरची मेमरी टिकवायची असेल तर इन्चार्ज सिस्टरला बोलावून तिच्यासमोर दाखवायची आणि मीटर तिच्याच ताब्यात द्यायचं.

सीनियरशी बोलायचं का?

डिस्कशनमध्ये सगळ्यात जास्त आवाज इथे चढतात. निम्म्या जणी म्हणतात, "आधी तिला विचारायला पाहिजे, मागून तक्रार करणं बरं नाही." उरलेल्या म्हणतात, "विचारलं की ती चार्ट दुरुस्त करून ठेवणार." दोघींचं खरं आहे, म्हणून मी दोन वेगळे प्रसंग करते.

सहकाऱ्याकडून नकळत चूक झाली असेल, चुकीची सिरिंज वापरली गेली असेल, तर आधी तिच्याशी बोलावं आणि शक्यतो तिनेच स्वतःचा फॉर्म भरावा. नर्सिंगमध्ये स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्या माणसाचा वॉर्ड सर्वात सुरक्षित असतो. पण न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं असेल तर तिच्याशी बोलणं हा सभ्यपणा झाला, तक्रारीला पर्याय झाला नाही. बोलायचं तर मीटर इन्चार्जच्या हाती गेल्यावर, आणि प्रश्न असा की उत्तराला जागा राहील. ज्युनिअर म्हणाली, "ताई, अकराची सहाची शुगर कुठल्या मीटरवर केलीत? मला या मीटरमध्ये दिसत नाहीये, आणि आजींना ५४ आली." यात आरोप नाही, पण बगल देण्याचीही सोय नाही.

सीनियर गप्प झाली, मग म्हणाली, "स्ट्रिपच नव्हत्या गं. स्टोअरची किल्ली इन्चार्जकडे. दोन ॲडमिशन आल्या, एकीचं बीपी पडत होतं. कालचा ट्रेंड २०० च्या आसपासच होता, तसं लिहिलं. तू लिहू नकोस, मी आजपासून बघते ना. माझी दोन पोरं आहेत."

इथे बहुतेक जणी विरघळतात आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. पण "मी आजपासून बघते" याचा अर्थ बघा. दोघींमध्ये मिटलं तर आजींना इन्सुलिन का चढलं हे डॉक्टरांना कधीच कळणार नाही, ते ग्लार्जिनचा डोस कमी करून बसतील. आणि किल्ली रात्री घरी जाते ही गोष्ट उद्याच्या रात्रीही तशीच राहील. ज्युनिअरने दिलेलं उत्तर मी पाठ करून घेते: "ताई, मी जे पाहिलं तेवढंच लिहिणार आहे. स्ट्रिप नव्हत्या हेही लिहिणार आहे. तुम्हीपण तुमचं लिहा, आजच."

सीनियरने रात्री काय करायला हवं होतं? चार्टवर "शुगर केली नाही, स्ट्रिप उपलब्ध नाहीत, आरएमओंना कळवलं" असं लिहायचं आणि रेग्युलर इन्सुलिन थांबवून ठेवायचं. शेजारच्या वॉर्डातून तीन स्ट्रिप मागायच्या. रिकामी जागा असलेला चार्ट लाजिरवाणा दिसतो, पण त्यावर कोणी इन्सुलिन देत नाही. भरलेल्या खोट्या चार्टवर देतात.

फॉर्ममध्ये काय लिहायचं

दोन कागद वेगळे आहेत हे पक्कं डोक्यात ठेवा. पेशंटच्या फाइलमध्ये नर्सिंग नोट्स: शुगर ५४, लक्षणं, काय दिलं, कोणाला कळवलं, पुढची रीडिंग्ज. तिथे सहकाऱ्याबद्दल एक शब्द नाही आणि इन्सिडंट फॉर्म भरल्याचा उल्लेखही नाही. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर शेरा मारायचा नाही. सहकाऱ्याची नोंद कितीही चुकीची वाटली तरी ती तिची आहे.

इन्सिडंट फॉर्म वेगळा. डिस्कशनला आलेल्या मुलींना मी दोन उतारे देते. पहिला असा:

"नाइटच्या सिस्टर नेहमीच शुगर करत नाहीत आणि मनाने आकडे भरतात. त्यांच्या निष्काळजीपणामुळे पेशंटचा जीव गेला असता."

दुसरा असा:

"७.५२ वा. बेड ११ ची शुगर ५४. चार्टवर ६.०० वा. २१४ व ६.१५ वा. रेग्युलर ६ युनिट अशी नोंद आहे. वॉर्डच्या मीटरमध्ये १०.१० रात्र ते ७.५२ सकाळ या काळात रीडिंग नाही. मीटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं. पावणेसहाच्या लॅब सँपलची शुगर ९२. स्ट्रिपची बाटली रिकामी होती. रात्री स्ट्रिप उपलब्ध नव्हत्या व स्टोअरची किल्ली वॉर्डात नव्हती असं रात्रीच्या सिस्टरनी मला सांगितलं. मीटर इन्चार्ज सिस्टरकडे दिलं."

पहिल्यात "नेहमीच" हा शब्द आहे आणि तो एकटाच पूर्ण तक्रार बुडवायला पुरेसा आहे, कारण तो सिद्ध करता येत नाही. दुसऱ्यात निष्काळजीपणा, खोटेपणा, शिक्षा यांपैकी काहीच नाही. तरी वाचणाऱ्याला काय झालं ते दिसतं, आणि सीनियरला प्रत्येक वाक्याला उत्तर देता येतं. मला विचाराल तर सहकाऱ्याशी न्यायाने वागण्याची जागा नेमकी इथे आहे: तिची अडचणही त्याच कागदावर, तितक्याच नेमकेपणाने. स्ट्रिप आणि किल्ली वगळून केलेली तक्रार खरी असली तरी अर्धी आहे.

हा प्रकार मुद्दाम घेतलेला धोका होता, सवयीची पळवाट होती की अगतिकता, याचा निवाडा फॉर्म भरणाऱ्याने करायचा नसतो. चौकशी करणाऱ्यांनी मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: तितकीच अनुभवी दुसरी सिस्टर त्या रात्री त्याच जागी असती तर तिने काय केलं असतं? स्ट्रिप नसणं कुणाच्याही वाट्याला आलं असतं. आकडा मनाने लिहून त्यावर इन्सुलिन देणं सगळ्यांनी केलं नसतं. म्हणजे दोष दोन ठिकाणी आहे आणि दोन्हींचा उपाय वेगळा.

फॉर्म द्यायचा कुणाला, आणि अडला तर

क्रम साधा आहे: त्याच शिफ्टमध्ये इन्चार्ज सिस्टर, तिथून असिस्टंट मेट्रन किंवा मेट्रन मॅडम, आणि ज्या हॉस्पिटलला एनएबीएच आहे तिथे क्वालिटी विभाग. तिथे इन्सिडंटची पद्धत लेखी असावीच लागते, ती वॉर्डच्या फाइलमध्ये शोधा.

अडतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर. इन्चार्ज म्हणते, "फॉर्म नको, मी तोंडी बघते." या प्रकरणात तर किल्ली तिच्याच पर्समध्ये होती, म्हणजे फॉर्ममध्ये तीही आली. अशा वेळी वाद घालत बसू नका. घरी जाण्याआधी तिलाच चार ओळींचा ईमेल करा: "आज सकाळी बेड ११ बद्दल मी आपल्याला असं असं सांगितलं. मीटर आपल्याकडे आहे. फॉर्म भरायचा असल्यास कळवा." पेशंटचं नाव नको, आयपी नंबर पुरे. दुसऱ्या दिवशीही काही हललं नाही तर तोच ईमेल मेट्रन मॅडमना. तुम्ही कोणाला डावललं नाही हे त्यातून आपोआप दिसतं.

निनावी पेटीत चिठ्ठी टाकावी का, असं कोणी ना कोणी विचारतंच. स्ट्रिप संपतात एवढं सांगायला निनावी चिठ्ठी चालेल. या प्रकरणात ती लंगडी पडते, कारण मीटर कुणी, कधी, कुणासमोर पाहिलं हेच तिच्यात सांगता येत नाही. आणि वॉर्डात दोनच जणींचा संबंध असल्यावर नाव लपतही नाही.

हॉस्पिटलच्या बाहेर जाण्याची वेळ क्वचित येते: वरपर्यंत लेखी कळवूनही तोच प्रकार चालू राहिला आणि पेशंटना इजा होत राहिली तरच. नर्सच्या नोंदणीचा आणि वर्तनाचा प्रश्न महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जातो. खासगी हॉस्पिटल चालवण्याबाबत तक्रार असेल तर पुण्यात नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. एका रात्रीच्या चार्टसाठी थेट कौन्सिलला पत्र पाठवणं मला योग्य वाटत नाही. घरातला रस्ता वापरून पाहिल्याशिवाय कुणाच्या नोंदणीला हात घालणं हा अन्यायच आहे.

नातेवाइकांना काय सांगायचं

आजींची मुलगी विचारणारच. खोटं बोलायचं नाही आणि कॉरिडॉरमध्ये निकालही द्यायचा नाही. "आईंची शुगर कमी झाली होती, उपचार केलेत, आता ११८ आहे. असं का झालं ते डॉक्टर तुम्हाला आजच बसून सांगतील," एवढं बोलायचं आणि मग डॉक्टर खरंच बसतील हे बघायचं. सविस्तर सांगणं हे कन्सल्टंट आणि इन्चार्ज यांनी मिळून करायचं काम आहे. मारहाणीच्या भीतीने हॉस्पिटलं हे टाळतात. २०१० पासून राज्यात वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, पण वॉर्डातला अनुभव असा की लोक भडकतात ते बहुतेक वेळा लपवलेलं दुसरीकडून कळल्यावर.

त्यानंतरचे महिने

इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत हेलेन डॉनेली नावाच्या नर्सने, पेशंटच्या थांबण्याच्या वेळा खोट्या नोंदवल्या जातात असं लेखी दिलं होतं. तिला सहकाऱ्यांकडून धमक्या आल्या. त्या हॉस्पिटलच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला तेव्हा जगाला तिचं म्हणणं पटलं. मधली वर्षं तिनेच काढली. म्हणून "घाबरू नका" असं मी कोणाला सांगत नाही.

आपल्याकडे त्रास असा येतो: सलग नाइट लागतात, रजा अडते, ओव्हर तुटक मिळतो, चहाला कोणी हाक मारत नाही. मग एखाद्या फुटकळ कारणावरून मेमो. यासाठी तारीखवार टिपण ठेवा, रोस्टरची प्रत ठेवा, मेमोला त्याच दिवशी लेखी उत्तर द्या. तुमची मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलकडे अडकून पडली असतील तर तक्रारीच्या आधीपासूनच ती परत मागा. तक्रारीनंतर मागितलीत तर त्याचा वेगळा अर्थ लावला जातो. आणि सीनियरशी बोलणं सोडू नका. तिचा ओव्हर तुम्हाला रोज घ्यायचा आहे. तो अर्धवट मिळाला तर भुगतणार पुन्हा पेशंटच.

सीनियरवर काय कारवाई झाली हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही, आणि तसंच असायला हवं. या प्रकरणातही ज्युनिअरला ते कळलं नाही. पण दोन गोष्टी विचारण्याचा तिला हक्क होता आणि पंधरा दिवसांनी तिने क्वालिटीच्या मॅडमना त्या विचारल्या: फॉर्म बंद झाला का, आणि रात्रीच्या स्ट्रिपचं काय ठरलं? उत्तर आलं की स्ट्रिपची एक जादा बाटली आता क्रॅश कार्टजवळच्या कप्प्यात राहते, किल्ली ओव्हरच्या वहीत सही करून रात्रीच्या सिस्टरकडे जाते, आणि ओव्हरच्या वेळी शुगरचा आकडा चार्टवरून न वाचता मीटरच्या मेमरीतून दोघींनी मिळून बघायचा.